फी मागणारी शाळा आणि फी मागणारी लिंक

आईबाबांनो, मी बरीच वर्षं शाळेच्या ऑफिसात फीच्या खिडकीमागे बसले. शाळा पालकांकडे पैसे कसे मागते, ते मी आतून पाहिलंय. म्हणून सध्या शाळेच्या नावाने फिरणाऱ्या मेसेजबद्दल थोडं बोलते.

मेसेज साधारण असा असतो. तुमच्या मुलीचं नाव, इयत्ता चौथी, तुकडी ब. ‘सुधारित फीचा फरक 2,850 रुपये आज दुपारी 2 पर्यंत भरावा, अन्यथा परीक्षेला बसता येणार नाही.’ खाली लिंक. नंबर अनोळखी, पण फोटोच्या जागी शाळेचं बोधचिन्ह. नाव आणि तुकडी बरोबर आहे म्हटल्यावर निम्मा संशय तिथेच मावळतो. पण ही माहिती वाढदिवसाच्या फोटोतल्या ओळखपत्रावरून मिळते, बक्षिसांच्या यादीतून मिळते, वर्गाच्या ग्रुपवरूनही मिळते. तिच्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

आता त्या ‘फरका’कडे या. आपल्याकडे खासगी शाळांच्या फीसाठी 2011 चा शुल्क विनियमन कायदा आहे. त्यानुसार व्यवस्थापनाने फीचा प्रस्ताव नवं वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायचा असतो. सगळ्याच शाळा हे मनापासून पाळतात असं मी म्हणणार नाही. खिडकीवर मी भांडणंही ऐकली आहेत. पण वाढीवरून कुरबुर करणाऱ्या शाळेतसुद्धा आधी नोटीस लागते, सभा होते, पालकांच्या ग्रुपवर आठवडाभर वादावादी चालते. सकाळी फी वाढली आणि दुपारी मुदत संपली, असं होत नाही. समितीतल्या एखाद्या पालकाला विचारलंत तरी दोन मिनिटांत उलगडा होईल.

लिंक उघडूच नका. आणि चुकून यूपीआयच्या पडद्यापर्यंत पोचलातच, तर पिन टाकण्याआधी वर कोणाचं नाव येतंय ते वाचा. शाळेची फी संस्थेच्या किंवा शाळेच्या नावाने जमा होते. तिथे कुणा अनोळखी माणसाचं नाव दिसलं, तर तो अकाउंटंटचा खासगी नंबर आहे असं स्वतःला समजावत बसू नका. लिंकऐवजी एखादं अॅप उतरवायला सांगितलं असेल, नावापुढे .apk असेल, तर ते आणखी वाईट. असलं अॅप तुमच्या मोबाइलवर येणारे ओटीपी वाचू शकतं.

अपघाताच्या मेसेजची गोष्ट वेगळी. तिथे डोकं चालत नाही, छातीत धस्स होतं, आणि त्यांना तेच हवं असतं. ‘मुलगा जिन्यावरून पडला, दवाखान्यात अनामत भरायची आहे, ताबडतोब पाठवा.’ खरं सांगते, मूल पडलं की ऑफिसात पहिला फोन पालकांना जातो आणि वर्गशिक्षिका किंवा मुख्याध्यापिका स्वतः बोलतात. काय लागलंय, कुठे नेतोय, तुम्ही किती वेळात पोचाल, एवढंच बोलणं होतं. आईचा फोन लागला नाही तर बाबांना, नाहीतर आजोबांना. पैशांचा विषय तेव्हा निघत नाही. रिक्षाचे, डॉक्टरांचे पैसे त्या वेळी शाळाच देते. शिवाय जखमीला आधी उपचार मिळालेच पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 साली परमानंद कटारा खटल्यात सांगून ठेवलंय. तुमच्या लिंकवाचून मुलाचे टाके अडायचे नाहीत.

तेव्हा मेसेजमधला नंबर फिरवू नका. डायरीच्या पहिल्या पानावरचा किंवा फीच्या पावतीवरचा शाळेचा नंबर लावा. सकाळ-दुपारची शाळा बदलण्याच्या वेळी तो हमखास व्यस्त लागतो, म्हणून वर्गशिक्षिका, व्हॅनवाले काका आणि शाळेजवळ राहणारी एखादी आई, हे तीन नंबर आजच साठवून ठेवा. कुणीच उचलत नसेल तर सरळ शाळेत जा. दवाखान्याचं नाव दिलं असेल तर त्याचा नंबर स्वतः शोधा आणि असा पेशंट आणलाय का, ते विचारा.

पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, आधी 1930 लावा. हा सायबर फसवणुकीचा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे. पैसे दुसऱ्या खात्यात सरकले तरी माग काढता येतो, पण काढून घेतले गेले नसतील तरच ते गोठवता येतात, आणि चोर ते फार वेळ एका जागी ठेवत नाही. व्यवहाराचा नंबर, रक्कम, वेळ जवळ ठेवा, बँकेलाही कळवा. तक्रार cybercrime.gov.in वरही करता येते. संशयास्पद अॅप उतरवलं असेल तर मोबाइलचं नेट बंद करून हे फोन दुसऱ्या मोबाइलवरून करा. मेसेज मात्र पुसू नका. त्याचा स्क्रीनशॉट ऑफिसात नेऊन दाखवा, कारण तोच मेसेज तुकडीतल्या बाकीच्या घरीही गेलेला असू शकतो आणि त्यातली काही अजून पैसे भरायच्या बेतात असतील.