प्रोबेशन संपलं, पण कागद कुठंय?

अगं माय, आधी एक सांग. तुझं नेमणूकपत्र परत एकदा नीट वाचलंस का? पगाराचा आकडा नव्हे, प्रोबेशनचं कलम. वसमतच्या गोदामात हळदीच्या मालाचा हिशेब तू सांभाळतेस, साहेब तुझ्या कामावर खूश आहेत, सहा महिने कधीच उलटलेत. घरचे म्हणतात, “झाली की परमनंट, आता कशाला पत्र?”

त्यांचं म्हणणं कुठून येतं ते मला कळतं. आपल्याकडे कायम नोकरी म्हटलं की डोळ्यासमोर संस्थेची शाळा येते. खासगी शाळांसाठी 1977 चा कायदा आहे. कायम रिक्त जागेवर रीतसर नेमलेल्या शिक्षकाने दोन वर्षांचा परिविक्षा काळ पूर्ण केला, की तो कायम झाला असं त्यात मानलं जातं. शिक्षणसेवकांचा काळ वेगळा, पण तत्त्व हेच. घरच्यांनी आयुष्यभर हेच पाहिलं. तुझी मात्र कंपनी आहे, तिला तो कायदा लागत नाही. तिथं मुदत उलटली म्हणून माणूस आपोआप कायम झाला, असं कोर्टही सहसा मानत नाही. तुझ्या पत्रात आणि कंपनीच्या नियमात काय लिहिलंय, ते आधी बघतात.

म्हणून ते कलम वाच. “लेखी कळवेपर्यंत प्रोबेशन चालू राहील” असं असेल, तर आजही तू प्रोबेशनवरच आहेस, मग साहेब तोंडी काहीही म्हणोत. “सहा महिने पूर्ण झाल्यावर कायम समजले जाईल” असं असेल, तर तुझी बाजू भक्कम आहे, फक्त त्याचा कागद मागायचा. आणि “जास्तीत जास्त इतके महिने वाढवता येईल” अशी मर्यादा घातली असेल तर ती तारीख वहीत लिहून ठेव. ती उलटून गेल्यावरही कामावर ठेवलं असेल, तर ते कायम केल्यासारखंच आहे असं म्हणायला तुला जागा मिळते. मध्ये बिनपगारी रजा घेतली होतीस का, तेही आठव. कुठं कुठं तेवढे दिवस प्रोबेशनला जोडतात.

एवढ्या कागदाची गरज काय, विचारशील. प्रोबेशनमध्ये नोटीस बहुधा कमी दिवसांची असते, म्हणजे तुला काढणंही सोपं. शिवाय घराच्या कर्जाला गेलीस की बँक विचारते, नोकरी कायम आहे का? तेव्हा साहेबांचा शब्द पुढं करता येत नाही.

आता पत्र. गोदामातल्या साहेबांच्या व्हॉट्सॲपवर नको, पुण्याच्या एचआरला ईमेल कर आणि साहेबांना प्रत ठेव. तू 2 जून 2025 ला रुजू झालीस, म्हणजे सहा महिने 1 डिसेंबरला पुरे झाले. मी असं लिहीन:

“विषय: प्रोबेशन पूर्ण झाल्याबाबत लेखी पत्र मिळण्याविषयी.
महोदय, मी 2 जून 2025 रोजी रुजू झाले. नेमणूकपत्रातील प्रोबेशनचा सहा महिन्यांचा कालावधी 1 डिसेंबर 2025 रोजी पूर्ण झाला आहे. मुदतवाढीचे कोणतेही पत्र मला मिळालेले नाही. तरी 2 डिसेंबर 2025 पासून माझी नेमणूक कायम झाल्याचे पत्र, पदनाम व लागू नोटीस कालावधीसह, द्यावे ही विनंती. काही बाब प्रलंबित असल्यास कृपया लेखी कळवावे. सोबत नेमणूकपत्राची प्रत जोडली आहे.”

बस. पगारवाढ याच पत्रात मागू नकोस. दोन विषय एकत्र आले की पगाराच्या मंजुरीसाठी सगळंच पत्र अडकून पडतं. “मी अजून प्रोबेशनवर असल्याने” असलं वाक्य चुकूनही लिहू नकोस, ते तुझ्याच विरुद्ध वाचलं जाईल. शेवटून दुसरं वाक्य मात्र गाळू नकोस. कामाबद्दल तक्रार असेल, तर ती आत्ताच कागदावर आलेली बरी.

पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं, तर त्याच ईमेलला जोडून आठवण कर. नवा मेल केलास तर पहिली तारीख दिसत नाही. फोनवर “सिस्टीममध्ये झालंय” म्हणाले, तर त्याच दिवशी लिही, “आज फोनवर आपण असे सांगितले, त्याचे पत्र मिळावे.” मागच्या तारखेचं मुदतवाढीचं पत्र सहीला आलं, तर सहीखाली ते मिळाल्याची आजची तारीख घाल. सही करताना घाबरू नकोस, पण तारीख विसरू नकोस.

पत्र आलं की दोन तारखा बघ. कायम झाल्याची तारीख 2 डिसेंबरच आहे का, की पत्र निघालं तो दिवस टाकलाय? आणि रुजू झाल्याची तारीख 2 जूनच आहे ना? ग्रॅच्युइटीची सेवा रुजू झाल्यापासून मोजतात, कायम झाल्यापासून नाही. यातली एक जरी चुकली असेल, तर त्याच आठवड्यात दुरुस्तीचा मेल टाक.