नाना, दाजी आणि युरियाची अर्धी गोणी

पाथरी

चि. बाळ,

शाळेच्या संमेलनासाठी तू रचलेल्या संवादाचा मसुदा पोचला आणि सावकाश वाचला. रासायनिक खत वापरणारा तुझा शेतकरी नाना आरंभापासूनच मूढ आहे. कंपोस्टचा कैवारी दाजी दोन वाक्ये उच्चारतो आणि नाना लगोलग शरण जातो. आपल्या गावचा कोणताही खातेदार इतक्या स्वस्तात कबुली देणार नाही, आणि प्रेक्षकांत बसणारे बहुतेक लोक नानासारखेच गोण्यांचा हिशेब तोंडपाठ असणारे असल्यामुळे, तो हिशेब रंगमंचावर मांडल्यावाचून त्यांचे समाधान होणार नाही, हे प्रथम ध्यानात घे.

नानाच्या शेतापैकी एका एकरात कोरडवाहू कापूस दाखव. त्यात तो युरियाच्या दोन गोण्या आणि डीएपीची एक गोणी टाकतो. युरियाची गोणी ४५ किलोची, तिच्यात नत्र शेकडा ४६. डीएपीची ५० किलोची, तिच्यात नत्र शेकडा १८. म्हणजे एकंदर सुमारे ५० किलो नत्र झाले. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र शेकडा अर्धाच असते, म्हणून तितक्याच नत्रासाठी दहा टन खत लागेल; आणि त्या नत्रातलाही साधारण तिसरा हिस्साच पहिल्या हंगामात पिकाच्या पदरी पडतो, बाकीचा पुढील सालांत हळूहळू सुटतो. आता नानाच्या गोठ्यात एक बैलजोडी आणि एक गाय. जनावरामागे दिवसाला दहा किलो शेण धरले, तरी ते कुजून आटल्यावर वर्षाकाठी चार-पाच टनांपलीकडे खत हाती येत नाही. हा आकडा नानाच्याच मुखी घाल:

“दाजी, माझ्या तीन जनावरांच्या उकिरड्यात पाच टन निघालं तर नशीब. त्यातलं पहिल्या साली पिकाला मिळंल ते आठ किलो नत्र. अर्धी गोणी बी होत नाही. मग उरलेलं काय तुमच्या बोलण्यातून भरून काढू?”

दाजीने येथे गडबडू नये. उलट हा हिशेब मान्य करावा. पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी प्रचारात आणलेल्या ‘नाडेप’ टाक्याचा दाखला त्याला दे: दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भिंतींच्या विटांत हवेसाठी भोके ठेवलेली. त्यात सुमारे १४०० किलो काडीकचरा, अवघे १०० किलो शेण, भरपूर चाळलेली माती आणि पाणी थरांनी घातले म्हणजे तीन-चार महिन्यांत जवळजवळ तीन टन खत निघते. शेणाची टंचाई असणाऱ्या घराला ही तजवीज फार सोयीची. बांधावर जाळल्या जाणाऱ्या पऱ्हाट्याही बारीक तोडून त्यात घालता येतात. मात्र त्या तीन टनांत मातीचा मोठा वाटा असतो, आणि हे दाजीने लपवले तर नानाने त्याला तेथेच पकडावे. नाट्याला रंग तेथूनच चढेल.

यापुढे तुझा संवाद मुळीच बोलत नाही त्या गोष्टीकडे वळ. अर्धवट कुजलेले खत शेतात गेले की त्यातले जंतू काडी कुजवण्यासाठी जमिनीतलेच नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळे पडते; शिवाय हुमणी आणि तणाचे बी फुकटात मिळते. पक्के खत ओळखण्यासाठी हात खोल घालावा: ऊब लागू नये, शेण-काडी वेगळी ओळखू येऊ नये, पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास यावा. असे खत शेतात नेऊन ढीग उन्हात टाकून न ठेवता, पेरणीपूर्वीच्या शेवटच्या वखरणीला लगेच मिसळावे. नानाच्या थोरल्या भावाने मागे कच्चे खत टाकून पीक घालवले होते असे दाखवलेस, तर नानाचा संशय निराधार वाटणार नाही.

मग नानाने का वळावे? केवळ नत्रासाठी नव्हे. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात चिखल होऊन बसते; सेंद्रिय अंश वाढल्याने ती जरा भुसभुशीत होते, पाणी मुरते, आणि श्रावणातल्या उघडीपीत कोरडवाहू पीक चार दिवस अधिक तग धरते. हा लाभ एका सालात दिसत नाही, म्हणून दाजीने सगळे शेत मागू नये, एकच एकर मागावा. एकदम बदल करण्याचा धोका नानालाही ठाऊक असावा: २०२१ साली श्रीलंकेने रासायनिक खताची आयात एकदम बंद केली, काही महिन्यांतच तो हुकूम मागे घ्यावा लागला, तरी भातपीक घटलेच, एवढे त्याने वर्तमानपत्रातून वाचलेले असू दे.

शेवट असा कर:

“एका एकरात पाच टन टाकतो, दाजी. युरिया अर्धी गोणी कमी घेतो, त्याहून जास्त नाही. पण पोळ्यापर्यंत पीक पिवळं पडलं, तर ती अर्धी गोणी तुमच्या दारात येऊन घेईन.”

“या, नाना. काढून ठेवतो.”

तुझा,
मामा