उघडा खडक आणि पडीक शेत

सह्याद्रीच्या उघड्या काळ्या खडकावर प्रथम दगडफूल धरते. त्याच्या आम्लाने खडकाचा पृष्ठभाग हळूहळू झिजतो. भेगांत धूळ साचते, तीत शेवाळ व मागाहून गवत रुजते. येथे मातीच घडावयाची असल्यामुळे या प्राथमिक अनुक्रमणास शतके लागतात. पडीक शेतात मात्र माती, बीजे व मुळे आधीच असतात. तेथे पहिल्या पावसाळ्यातच टाकळा व आघाडा माजतो, काही वर्षांत कुसळी गवत पसरते, नंतर बोर-बाभूळ येते. हे दुय्यम अनुक्रमण होय. पुष्कळ गावी ते गवतापाशीच अडते. कारण शोधण्यासाठी शिक्षकांनी मुलांना तेथील बोरीचे झुडूप दाखवावे. शेंडे खुडलेले व झुडूप बसके असल्यास चराई समजावी. बुंधा काळवंडलेला असल्यास वणवा.