बसण्यापेक्षा पाल्प पाहा

प्रश्न : गोठ्यातली डासाची मादी भिंतीला जवळपास समांतर बसते, पण पंखांवर ठिपके आहेत. ती अ‍ॅनोफिलीस असेल का?

उत्तर : असू शकते. तिरकी बैठक हा ढोबळ संकेत आहे. अ‍ॅनोफिलीस क्युलिसिफेसीस क्युलेक्ससारखीच बसते. म्हणून द्विपर्यायी किल्लीत आधी सोंडेशेजारचे पाल्प पाहा. क्युलेक्स मादीचे पाल्प आखूड, अ‍ॅनोफिलीसचे सोंडेइतके लांब. मग पंखाची पुढची कड पाहा. बुडाकडचा चतुर्थांश सलग काळा असेल, तर तिसरी शीर तपासा : बहुतांशी काळी असल्यास क्युलिसिफेसीस, फिकट असल्यास फ्लुव्हिएटिलिस. खवले झडले तर शीर फसवी फिकट दिसेल, असा आक्षेप रास्त आहे. म्हणून दोन्ही पंख ताडून पाहा. क्युलिसिफेसीसमधल्या जुळ्या प्रजाती मात्र या किल्लीने वेगळ्या होत नाहीत.