राजीनाम्याचे पत्र : सहा वाक्ये आणि एक तारीख

राजीनाम्याचे पत्र म्हटले की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो इंग्रजीचा. "शब्द बरोबर आहेत ना? जरा बघता का?" असे म्हणून मंडळाच्या कार्यक्रमात माझ्या हाती अशी पत्रे येतात. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वकील नव्हे. पण स्वतः काही नोकऱ्या बदलल्या आहेत आणि दर वेळी विम्याच्या व निवृत्तिनिधीच्या पुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचल्या आहेत. त्यावरून एक गोष्ट पक्की झाली आहे. या पत्रातले इंग्रजी फारसे महत्त्वाचे नसते. महत्त्वाची असते ती त्यात लिहिलेली कामाच्या शेवटच्या दिवसाची तारीख.

एक उदाहरण घेऊन पाहू. न्यू जर्सीतल्या चाळीस माणसांच्या एका कार्यालयात अकाउंटंट म्हणून चार वर्षे काम करणाऱ्या एक ताई आहेत असे समजू. त्यांना नॉर्थ कॅरोलायनात शार्लट येथे नोकरी मिळाली आहे. कॅलेंडर २०२५ सालचे घेऊ. नवी नोकरी सोमवारी, ९ जूनला सुरू होणार आणि नव्या कंपनीचा आरोग्यविमा १ जुलैपासून लागू होणार. त्यांचे पत्र असे असावे. ते अर्थात रोमन लिपीतच टाइप करायचे. इथे छपाईच्या सोयीसाठी देवनागरीत देत आहे.

"डिअर मिस्टर अमुक,

आय अ‍ॅम रायटिंग टू रिझाइन फ्रॉम माय पोझिशन अ‍ॅज अकाउंटंट. माय लास्ट डे ऑफ वर्क विल बी मंडे, जून २, २०२५. आय हॅव अ‍ॅक्सेप्टेड अ पोझिशन इन अनदर सिटी. बिफोर आय लीव्ह, आय विल कम्प्लीट द एप्रिल बँक रिकन्सिलिएशन अँड लीव्ह रिटन नोट्स ऑन पेरोल. प्लीज अरेंज टू रिमूव्ह माय नेम फ्रॉम द बँक सिग्नेचर कार्ड्स अ‍ॅज ऑफ दॅट डे. थँक यू फॉर द फोर इयर्स आय हॅव स्पेंट हिअर.

सिन्सिअरली," आणि खाली सही. वर पत्राची तारीख १९ मे २०२५.

एवढेच. नव्या कंपनीचे नाव नाही, नवा पगार नाही, साहेबांबद्दलची तक्रार नाही, घरच्या अडचणी नाहीत. आपल्याकडच्या वळणाने "आपल्या कृपेने मला पुष्कळ शिकायला मिळाले" अशी दोन परिच्छेदांची प्रस्तावनाही नको. हे पत्र तुमच्या फाइलमध्ये कायम राहते, आणि पुढे ते वाचणाऱ्याला तुम्ही कोण हे ठाऊक असेलच असे नाही. आभाराचे एक वाक्य पुरेसे सभ्य दिसते.

आता तारखेकडे वळू. सर्वसाधारण माणूस "दोन आठवड्यांची नोटीस देत आहे" असे लिहितो आणि तारीख मोजण्याचे काम कंपनीवर सोडतो. ताईंनीही शुक्रवारी, १६ मे रोजी तसेच पत्र दिले असते तर शेवटचा दिवस शुक्रवार, ३० मे ठरला असता. त्यात वावगे काहीच नाही. पण पुष्कळ कंपन्यांच्या विम्याचा नियम असा असतो की ज्या महिन्यात नोकरी संपते, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत विमा चालू राहतो. म्हणजे ३० मे रोजी नोकरी सोडली तर विमा ३१ मे रोजी संपला, आणि पूर्ण जून महिना कुटुंब विम्याविना राहिले. तेच पत्र सोमवारी, १९ मे रोजी दिले आणि शेवटचा दिवस सोमवार, २ जून लिहिला, तर कामाचा एकच दिवस वाढतो. विमा मात्र ३० जूनपर्यंत चालतो आणि १ जुलैला नवा सुरू होतो. मध्ये एक दिवसही मोकळा राहत नाही.

हा हिशोब सगळीकडे लागू पडतो असे मात्र धरू नका. काही कंपन्यांत विमा नोकरीच्या शेवटच्या दिवशीच, मध्यरात्री संपतो. तिथे २ जून लिहून काही हाती लागत नाही. तुमचा नियम कोणता, ते विम्याच्या पुस्तिकेत "टर्मिनेशन ऑफ कव्हरेज" या मथळ्याखाली दिलेले असते. पत्र देण्यापूर्वी घरी बसून ते वाचावे. कार्यालयात विचारायला गेलात तर प्रश्नावरूनच बातमी फुटते.

दुसरी अडचण अशी की तारीख तुम्ही लिहिलीत तरी ती पाळणे कंपनीवर बंधनकारक नसते. अमेरिकेत बहुतेक नोकऱ्या "अ‍ॅट विल" असतात. वेगळा करार नसेल तर दोन्ही बाजूंना कधीही थांबता येते. दोन आठवड्यांची नोटीस हा कायदा नसून रिवाज आहे. पैशांचे व्यवहार पाहणाऱ्या माणसाला तर "आजच किल्ल्या द्या आणि जा" असे सांगितले जाण्याची शक्यता अधिक. तसे झाले तर विमा मेअखेर संपू शकतो. तेव्हा उपयोगी पडतो तो कोब्रा नावाचा कायदा.

वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीला हा कायदा लागू होतो. त्याखाली नोकरी सोडणाऱ्याला जुनाच विमा अठरा महिन्यांपर्यंत स्वतःच्या खर्चाने चालू ठेवता येतो. खर्च म्हणजे कंपनीचा आणि तुमचा मिळून पूर्ण हप्ता, वर दोन टक्के. कुटुंबाचा पूर्ण हप्ता महिन्याला २,००० डॉलर धरला तर कोब्राखाली २,०४० डॉलर भरावे लागतील. रक्कम ऐकून छाती दडपते, पण नियमात एक सोय आहे. विमा संपल्यापासून किंवा कोब्राची सूचना मिळाल्यापासून, यांपैकी जे नंतर घडेल तिथपासून, निवड कळवायला साठ दिवस मिळतात. कळवल्यावर पहिला हप्ता भरायला आणखी पंचेचाळीस दिवस असतात. आणि निवड केली की विमा मागील तारखेपासून, म्हणजे जुना संपला त्या दिवसापासून, अखंड धरला जातो.

ताईंच्या बाबतीत याचा अर्थ असा. विमा ३१ मे रोजी संपला तरी त्यांनी लगेच पैसे भरण्याची गरज नाही. जून महिना सुखरूप गेला तर १ जुलैला नवा विमा लागेल आणि कोब्राचा फॉर्म केराच्या टोपलीत जाईल. २० जूनला मुलाचा हात मोडला, तर फॉर्म भरून जूनचे २,०४० डॉलर पाठवायचे; त्या दिवसाचा खर्च विम्यात बसेल. मात्र रुग्णालयाच्या संगणकावर त्या दिवशी विमा बंद दिसेल, काही ठिकाणी आधी पैसे मागतील आणि ते नंतर परत मिळवावे लागतील. वीसपेक्षा कमी माणसांच्या कार्यालयात केंद्राचा हा कायदा लागत नाही. अनेक राज्यांचे वेगळे कायदे आहेत, पण त्यांतली मुदत वेगळी असू शकते. साठ दिवस गृहीत धरू नयेत.

शहर बदलताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. न्यू जर्सीचा विमा जूनअखेरपर्यंत चालू असला तरी त्याच्या यादीतले डॉक्टर शार्लटमध्ये असतीलच असे नाही. एचएमओ प्रकारच्या विम्यात बाहेरगावी बहुधा तातडीच्या उपचारांचाच खर्च मिळतो. म्हणून मुलांची तपासणी आणि दातांचे काम निघण्यापूर्वी उरकावे. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या विमा देत असेल तर नव्वद दिवसांच्या घेऊन ठेवाव्यात.

शिल्लक रजेचे पैसेही नोटिशीशी जोडलेले असतात. कॅलिफोर्नियात साठलेली रजा म्हणजे कमावलेला पगार मानतात. ती द्यावीच लागते. न्यू जर्सीत तसा कायदा नाही, कंपनीचे धोरण चालते. बऱ्याच धोरणांत दोन आठवड्यांची नोटीस दिली तरच रजेचे पैसे, अशी अट असते. १९ मे ते २ जून हे बरोबर चौदा दिवस होतात, पण मध्ये २६ मेची मेमोरियल डेची सुट्टी येते. धोरणात "दहा कामाचे दिवस" असे शब्द असतील तर पत्र एक-दोन दिवस आधी द्यावे. ४०१(के)मध्ये तुम्ही घातलेले पैसे पहिल्या दिवसापासून तुमचेच असतात. कंपनीने घातलेले मात्र ठरावीक वर्षांनंतर तुमचे होतात. तो टप्पा काही आठवड्यांवर आला असेल तर शेवटची तारीख त्यापुढची ठेवता येते का, हे नव्या कंपनीला विचारून पाहावे.

आता पत्रातले पाचवे वाक्य, बँकेच्या सहीचे. इतर व्यवसायांत ते लागत नाही. अकाउंटंटने ते गाळू नये. कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेला आयकर आणि सोशल सिक्युरिटी व मेडिकेअरचा भाग हा सरकारचा पैसा कंपनीकडे विश्वासाने ठेवलेला असतो. तो कंपनीने भरला नाही, तर आयआरएस ज्या व्यक्तीच्या हाती तो भरण्याचा अधिकार होता आणि जिने जाणूनबुजून भरला नाही, तिच्याकडून वैयक्तिकरीत्या पूर्ण रक्कम वसूल करू शकते. चेकवर सही करण्याचा अधिकार हा अशा वेळी पहिल्यांदा पाहिला जाणारा पुरावा असतो.

ताईंच्या कार्यालयाचा कर दर महिन्याला भरला जातो असे समजू. मे महिन्याच्या पगारातून कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत भरायची असते. २०२५ मध्ये १५ जूनला रविवार होता, म्हणून मुदत १६ जून. म्हणजे कपात झाली ताईंच्या काळात आणि भरणा त्या गेल्यानंतर. पगाराच्या टिपणात ही तारीख, आणि एप्रिल ते जून या तिमाहीचा ९४१ क्रमांकाचा फॉर्म ३१ जुलैपर्यंत द्यायचा आहे, हे दोन्ही लिहून ठेवावे. कर भरण्याच्या ईएफटीपीएस खात्यावरून आणि हिशोबाच्या प्रोग्रॅममधून आपले अधिकार काढून घ्यायला सांगावे. पासवर्ड मात्र पत्रात किंवा टिपणात लिहू नयेत. पुढे कंपनीने भरणा चुकवलाच, तर २ जूनला आपला अधिकार संपला हे दाखवणारा तारखेचा कागद ताईंजवळ असेल. त्यापूर्वीच्या भरण्यांची जबाबदारी मात्र या पत्राने पुसली जात नाही.

शेवटी, पत्र केव्हा द्यावे? नव्या कंपनीचे नेमणूकपत्र लेखी हाती आल्यावर आणि त्यांची पार्श्वभूमीची चौकशी पूर्ण झाल्यावर. तोंडी होकारावर कधीही नाही. एच-१बी व्हिसावर असाल तर नव्या कंपनीचा अर्ज इमिग्रेशन खात्यात दाखल झाल्याची पावती आल्यावरच. कारण नोकरी सुटल्यावर इथे राहायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात, आणि मुक्कामाची मुदत त्याआधी संपत असेल तर त्याहूनही कमी. पत्र साहेबांना समक्ष भेटून, दोन वाक्ये बोलून द्यावे. त्याच दिवशी त्याची प्रत ई-मेलने पाठवावी आणि एक प्रत घरच्या फाइलमध्ये ठेवावी. कार्यालयाची ई-मेल शेवटच्या दिवशी बंद होते, तेव्हा तिथली प्रत ही आपली प्रत समजू नये.