पाय सुजले म्हणून बीपीची गोळी सोडू नका

‘डॉक्टर, बीपीच्या गोळीने किडनी गेली. हे बघा पाय.’ भिवंडीत हे वाक्य मला सारखं ऐकावं लागतं. असं म्हणणाऱ्या बहुतेकांनी तोवर गोळी बंदही केलेली असते. खरं तर उपचार न करता वाढू दिलेलं बीपीच किडनी खराब करतं.

आपल्याकडे बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन फार जणांना चालू असते. ती रक्त आणणाऱ्या बारीक नळ्या सैल करते, पण रक्त परत नेणाऱ्या शिरा तेवढ्या सैल होत नाहीत. मग घोट्यापाशी दाब वाढून पाणी बाहेर झिरपतं. गोळी सुरू केल्यावर किंवा 5 मिलिग्रॅमची 10 केल्यावर काही दिवसांत, काही आठवड्यांत दोन्ही घोटे सुजतात. बोटाने दाबलं तर खड्डा पडतो. संध्याकाळी सूज वाढते, सकाळी उतरते. उन्हाळ्यात आणि उभ्याच्या कामात जास्त.

यंत्रमागावर बारा तास उभे राहणारे एक काका असेच आले. 10 ची गोळी सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. पाय सुजले म्हणून त्यांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून मेडिकलमधून लघवीची गोळी आणली. सूज होती तिथेच, वर पायांत गोळे आणि चक्कर. ही सूज अंगात पाणी साठल्याची नसते, म्हणून लघवीच्या गोळीने ती फारशी हटत नाही. शेवटी वैतागून त्यांनी सगळंच बंद केलं. माझ्याकडे आले तेव्हा बीपी 178/106! मी रागावलो, कारण एवढ्या बीपीत अर्धांगवायूला वेळ लागत नाही. लघवीत प्रोटीन नव्हतं, क्रिएटिनिन नॉर्मल होतं. म्हणजे किडनी ठीक होती. अ‍ॅम्लोडिपिन पुन्हा 5 वर आणली, सोबत टेल्मिसार्टन 40 दिली. या जोडीने बीपी उतरतं आणि सूजही कमी होते. दोन आठवड्यांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पुन्हा तपासलं. तोवर घोटे बरेच उतरले होते.

तेव्हा घाबरू नका, पण डॉक्टरांना नीट विचारा: डोस कमी करता येईल का, सोबत दुसरी गोळी देता येईल का, की सिल्निडिपिनसारखी कमी सूज आणणारी चालेल? घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, अंगदुखीच्याही. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी सूज येते आणि बीपीही वाढतं. मोबाइलवरचे काढे तर घेऊच नका.

मात्र प्रत्येक सूज गोळीचीच असेल असं नाही. एकच पाय सुजून दुखत असेल, आडवं झाल्यावर दम लागत असेल, सकाळी तोंड सुजलेलं असेल, लघवीला फेस येत असेल किंवा ती कमी झाली असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखलं, बसल्याजागी दम लागला, ओठ-जीभ सुजली, तर घरी थांबू नका, 108 ला फोन करा.