तिळांच्या कुटुंबात वेगळा कोण?

एका माणसाच्या अंगावरचे तीळ बहुधा एकमेकांसारखे असतात. कुणाचे सगळे फिकट तपकिरी आणि सपाट, तर कुणाचे काळे, गोल, बोटाला थोडे उंच लागणारे. भावंडांचे चेहरे मिळतेजुळते असावेत तसंच हे. १९९८ साली ग्रोब आणि बोनेरांदी या फ्रान्समधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी यावरून एक सोपी खूण सांगितली. त्या माणसाच्या बाकीच्या तिळांत न बसणारा एखादा तीळ असेल, तर संशय त्याच्यावर घ्यायचा. बदकाच्या पिलांत वेगळं दिसणाऱ्या पिलाची गोष्ट आपल्या मुलांनाही ठाऊक आहे. तिचंच नाव या खुणेला दिलं आहे. गोष्टीतलं पिल्लू पुढे राजहंस निघतं. इथे मात्र तो वेगळा तीळ मेलॅनोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग, असू शकतो.

तुलना त्याच माणसाच्या तिळांशी करायची, शेजारणीच्या नाही. दहा-बारा मोठे काळे तीळ असलेल्या बाईच्या पाठीवर आणखी एक तसाच काळा तीळ असला तर तो त्या घरातलाच. पण त्या काळ्या तिळांत एकच लहानसा गुलाबी उंचवटा असेल, तर वेगळा तो. काळं तेवढं वाईट असं इथे नसतं, हे आम्ही मुद्दाम सांगतो. तीळ भाग्याचा की अशुभ, याचा तर इथे काहीच संबंध नाही.

आपल्या देशात हा कर्करोग विरळ आहे. पण सावळ्या त्वचेच्या माणसांत तो होतो तेव्हा बऱ्याचदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो. तिथे आपण बघतच नाही.

एक उदाहरण घेऊ. पन्नाशी ओलांडलेले, हमाली करणारे एक काका. त्यांच्या दोन्ही तळव्यांवर पाच-सहा फिकट तपकिरी ठिपके आहेत, तुरीच्या दाण्याएवढे. सावळ्या माणसांत असे ठिपके नेहमी आढळतात, त्यांची चिंता नको. पण डाव्या टाचेवर एक डाग रुपयाच्या नाण्याएवढा झाला आहे. त्याची एक कड काळी, दुसरी करडी, आणि काठ शाई सांडल्यासारखा. वर्षभरापूर्वी तो नव्हता. काका म्हणतात, "कुरूप झालंय." तेही पायाचं नेहमीचं दुखणं, त्यामुळे घरचे मान्य करतात. मग ब्लेडने तासणं, कुरूपाची पट्टी लावणं सुरू होतं. डाग जात नाही, उलट कधीतरी मोज्याला रक्त लागतं. कुरूप दाबाच्या जागी होतं, ते पिवळसर आणि कडक असतं, असा काळा रंग पसरवत नाही. दोन्ही तळवे शेजारी धरून पाहिले असते, तर वेगळा कोण हे लहान पोरानेही दाखवलं असतं.

नखांचंही तसंच. सावळ्या माणसांच्या चार-पाच नखांवर बारीक तपकिरी उभ्या रेघा असतात, त्या बहुधा निरुपद्रवी. एकाच नखावर एकच रेघ असेल, ती रुंद होत चालली असेल किंवा काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला असेल, तर लगेच दाखवावं.

घरी पाहायचं तर आंघोळीनंतर, उजेडात. आधी दोन पावलं लांबून पाहा, म्हणजे सगळ्या तिळांचा सारखेपणा कळतो आणि वेगळा आपोआप डोळ्यांत भरतो. पाठ दुसऱ्याने पाहावी. म्हातारपणी चेहऱ्यावर येणारे काळे दाणे बहुतेक वेळा साधेच असतात, त्यांचंही आपलं एक कुटुंब असतं.

या खुणेला मर्यादा आहेच. अंगावर एक-दोनच तीळ असतील तर तुलना कुणाशी करणार? तिथे बदल पाहायचा: वाढतोय का, रंग बदलतोय का, रक्त येतंय का, चाळिशीनंतर नव्यानेच उगवलाय का. आणि वेगळा दिसला म्हणजे कर्करोगच, असंही नाही. तो दाखवावा एवढाच त्याचा अर्थ.

दाखवायचं ते सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात. तीळ जाळून देणाऱ्याकडे किंवा पार्लरमध्ये जाऊ नका. जाळला की तपासायला काही उरत नाही. डॉक्टर भिंगाच्या उपकरणाने पाहतात, आणि संशय असला तर जागा बधिर करून शक्य तो सगळा तीळ काढून तपासणीला पाठवतात. "सुरी लागली की कर्करोग पसरतो" ही भीती खरी नाही. तो पसरतो खोल गेल्याने. तपासणीत ही खोली मिलिमीटरमध्ये मोजतात. एक मिलिमीटरच्या आत सापडला तर बहुतेकांना आजूबाजूच्या थोड्या कातडीसह काढून टाकणं पुरतं. जखम भरली म्हणून रिपोर्ट आणायचं राहून जातं. तो आणायला जा, आणि खोली किती आहे ते डॉक्टरांना विचारा.